आय-सेक्शनला पीळ बसताना टोक धरले, तर फ्लॅंज का वाकतात आणि त्याचा हिशेब कसा करावा

एका काँक्रीटच्या भिंतीतून दोन मीटर लांबीची आयएसएमबी ३०० तुळई कॅन्टिलिव्हर म्हणून बाहेर काढलेली आहे आणि तिच्या मोकळ्या टोकाला ब्रॅकेट लावून १० किलोन्यूटन, म्हणजे साधारण एक टन, भार लटकवला आहे, असे समजू. हा भार वेबच्या बरोबर खाली येत नाही. अडचणीमुळे तो वेबपासून १५० मिमी उजवीकडे येतो. नेहमीच्या पद्धतीने हिशेब केला, तर भिंतीपाशी मोमेंट २० किलोन्यूटन-मीटर येतो, तक्त्यातील सेक्शन मॉड्युलस ५७३.६ घन सेंटिमीटर आहे, आणि वाकण्यामुळे होणारे प्रतिबल जेमतेम ३५ मेगापास्कल भरते. २५० मेगापास्कल यील्ड असलेल्या पोलादाला हे काहीच नाही. प्रत्यक्षात मात्र या तुळईच्या फ्लॅंजच्या कडेला भिंतीपाशी सुमारे १९८ मेगापास्कल प्रतिबल असते. मधला १६३ चा फरक शिअरचा नाही आणि पिळाच्या पाठ्यपुस्तकी सूत्रातूनही तो निघत नाही. फ्लॅंज आडव्या प्रतलात वाकल्यामुळे तो निर्माण होतो. फ्लॅंज आडवे का वाकतात हे आधी पाहू आणि मग हाच हिशेब टप्प्याटप्प्याने करू. तुळईचे स्वतःचे वजन या लेखात सोडून दिले आहे.

आधी टोके मोकळी सोडून पाहू

गोल दांड्याला पीळ दिला, तर त्याचा प्रत्येक काटछेद सपाटच राहतो आणि केवळ स्वतःभोवती फिरतो. आय-सेक्शनचे तसे होत नाही, आणि याचे कारण साध्या भूमितीत आहे. तुळई मध्यरेषेभोवती फिरते तेव्हा वरचा फ्लॅंज उजवीकडे सरकतो आणि खालचा डावीकडे. एखाद्या ठिकाणी फिरण्याचा कोन φ असेल, तर तेथे प्रत्येक फ्लॅंज φ गुणिले h/2 इतका बाजूला गेलेला असतो; येथे h म्हणजे दोन फ्लॅंजच्या मध्यरेषांमधील अंतर. टोके पूर्ण मोकळी असतील आणि पीळ सर्वत्र सारखा असेल, तर φ लांबीबरोबर एकसारखा वाढत जातो. म्हणजेच वरून पाहिले तर वरचा फ्लॅंज सरळच असतो, पण मूळच्या रेषेशी थोडा तिरका झालेला असतो. खालचा फ्लॅंजही सरळच असतो, मात्र तो विरुद्ध बाजूला तिरका झालेला असतो.

सरळ पट्टी तिरकी झाली की तिचे टोकही तिरके होते. वरच्या फ्लॅंजच्या टोकाचा एक कोपरा पुढे येतो आणि दुसरा मागे जातो. खालच्या फ्लॅंजचे नेमके उलटे होते. त्यामुळे टोकाचा मूळचा सपाट काटछेद आता सपाट राहत नाही आणि त्याचे चार कोपरे एकाआड एक पुढे-मागे होतात. यालाच वार्पिंग म्हणतात. हे होत असताना फ्लॅंज कोठेही वाकलेले नसतात, त्यामुळे त्यांच्यात लांबीच्या दिशेने काहीही प्रतिबल नसते. मोकळे वार्पिंग निरुपद्रवी असते, एवढे येथे लक्षात ठेवावे.

हे सरकणे किती असते? आपल्या तुळईत ते मोकळे सोडले असते, तर पिळाचा दर दर मिलिमीटरला ०.००००९ रेडियन आला असता आणि फ्लॅंजचा कोपरा ०.९ मिमी पुढे-मागे झाला असता. एक मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणूनच डोळ्यांना हे कधी दिसत नाही, आणि डिझाइन करणाऱ्याच्या मनातूनही ते सहज निसटते.

आता एक टोक धरू

भिंतीत पक्क्या बसवलेल्या टोकाला हे ०.९ मिमी सरकणे शक्य नाही. तेथे काटछेद सपाट राहणे भाग आहे, म्हणजे तेथे दोन्ही फ्लॅंज मूळच्या रेषेतच राहिले पाहिजेत, त्यांना तिरके होता येणार नाही. पण भिंतीपासून दूर, मोकळ्या टोकाकडे, पीळ आपले काम करतच असतो आणि तेथे फ्लॅंजला तिरके व्हावेच लागते. जी पट्टी एका टोकाला सरळ धरलेली आहे आणि पुढे जाऊन तिरकी झालेली आहे, तिला मध्ये कोठेतरी वळण घ्यावेच लागेल. पट्टीचे वळण म्हणजेच तिचे वाकणे. फ्लॅंज का वाकतात याचे संपूर्ण उत्तर एवढ्यातच आहे. पुढची सगळी सूत्रे हे वाकणे किती आणि कोठवर पसरते एवढेच सांगतात.

ज्यांना हे हातात घेऊन पाहायचे असेल, त्यांनी जाड पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या चिकटवून हातभर लांबीचे आय-सेक्शन करावे. दोन्ही टोके हलक्या हाताने धरून पिळल्यास ते विलक्षण लवचिक वाटते, आणि टोकाकडून पाहिल्यास फ्लॅंजचे कोपरे पुढे-मागे होताना स्पष्ट दिसतात. मग एक टोक लाकडी ठोकळ्यावर गोंदाने सर्व बाजूंनी पक्के चिकटवावे, गोंद पूर्ण वाळू द्यावा, आणि पुन्हा पिळावे. पुठ्ठा तोच असतो, पण मॉडेल एकदम ताठ झालेले जाणवते, कारण आता ते पिळण्यासाठी दोन फ्लॅंज त्यांच्या रुंदीच्या दिशेने वाकवावे लागतात. पट्टी तिच्या जाडीच्या दिशेने वाकवणे सोपे असते. रुंदीच्या दिशेने ती हट्टी असते.

वरचा फ्लॅंज उजवीकडे वाकतो आणि खालचा डावीकडे, त्यामुळे दोघांतील मोमेंट समान आणि विरुद्ध दिशांचे असतात. संपूर्ण काटछेदाचा विचार केला, तर त्यांची बेरीज शून्य होते. नेहमीच्या समतोलाच्या समीकरणांत ही जोडी दिसत नाही, आणि ती राहून जाण्याचे हेच मुख्य कारण आहे. फ्लॅंजमधील मोमेंट गुणिले दोन फ्लॅंजमधील अंतर, या गुणाकाराला बायमोमेंट म्हणतात. त्याचे एकक किलोन्यूटन-मीटर-मीटर असे विचित्र असते, पण घाबरण्यासारखे त्यात काही नाही. त्याला h ने भागले की ओळखीचा मोमेंट परत मिळतो.

टॉर्क वाटून घेणारे दोघे

फ्लॅंज वाकले की त्यांच्यात आडवे शिअर बल येते: वरच्यात एका दिशेने, खालच्यात उलट दिशेने. या दोन बलांमध्ये h अंतर असल्यामुळे त्यांची जोडी स्वतःच टॉर्क पेलते. म्हणजे बाहेरून आलेला टॉर्क आता दोघांत वाटला जातो. पहिला वाटा साध्या पिळाचा, ज्याचा सिद्धांत सेंट-व्हेनांने १८५५ मध्ये मांडला. दुसरा फ्लॅंजच्या वाकण्याचा, ज्याचा हिशेब तिमोशेंको यांनी १९०५ च्या सुमारास आय-तुळईच्या आडव्या बकलिंगचा अभ्यास करताना केला. समीकरण असे:

```
T = G·J·φ' − E·Iw·φ'''
J  = Σ b·t³/3
Iw = Iy·h²/4
a  = √(E·Iw / G·J)
```

यात J हा साध्या पिळाचा स्थिरांक आहे, Iw हा वार्पिंगचा, आणि Iy हे कमजोर अक्षाभोवतीचे जडत्व आहे. या सगळ्यात मला सर्वाधिक उपयोगी वाटते ती a ही लांबी. धरलेल्या टोकाचा परिणाम तुळईत कोठवर पोहोचतो, हे ती सांगते. टोकापासून a इतक्या अंतरापर्यंत फ्लॅंजचे वाकणे जोरात असते, त्याच्या तिप्पट अंतरापलीकडे ते जवळजवळ संपलेले असते. कोणत्याही पिळाच्या प्रश्नात मी आधी a काढतो आणि तुळईच्या लांबीशी ताडून पाहतो. लांबी a पेक्षा बरीच कमी असेल, तर बहुतेक सगळा टॉर्क फ्लॅंज पेलतात आणि साधा पीळ नगण्य ठरतो. लांबी a च्या अनेक पट असेल, तर मधल्या भागात साधा पीळ राज्य करतो, पण धरलेल्या टोकापाशी फ्लॅंजच राजे असतात.

पहिली पायरी: सेक्शनचे गुणधर्म

आयएस ८०८ च्या जुन्या तक्त्यात आयएसएमबी ३०० चा फ्लॅंज १४० मिमी रुंद आणि १२.४ मिमी जाड, वेब ७.५ मिमी, आणि Iy ४५३.९ सेंटिमीटरचा चौथा घात असा आहे. नव्या तक्त्यात जाड्या थोड्या वेगळ्या आहेत, म्हणून आपल्याकडे येणारा माल कोणत्या तक्त्याप्रमाणे रोल झाला आहे ते पाहून घ्यावे.

h म्हणजे ३०० वजा १२.४, म्हणजे २८७.६ मिमी. J साठी तीन आयतांची बेरीज केली, की २.१७ गुणिले १०⁵ मिमी⁴ मिळते. यात कोपऱ्यांच्या गोलाईचा हिशेब धरलेला नाही, त्यामुळे खरा J किंचित जास्त असतो.

येथे एक चूक वारंवार होताना दिसते. Iw काढताना फ्लॅंज हा १४० गुणिले १२.४ चा आयत आहे असे धरले, तर दोन फ्लॅंजचे जडत्व ५६७ येते, म्हणजे तक्त्यातील ४५३.९ पेक्षा चांगले पंचवीस टक्के जास्त. फरक पडतो कारण आयएसएमबीचे फ्लॅंज उतरते असतात. १२.४ ही त्यांची मधली जाडी आहे. कडेला, जेथे आडव्या वाकण्यासाठी धातू हवा असतो, तेथेच ते पातळ असतात. म्हणून Iw नेहमी तक्त्यातील Iy वरूनच काढावा. तो ९.३९ गुणिले १०¹⁰ मिमी⁶ येतो.

आयएस ८०० प्रमाणे E २,००,००० आणि G ७६,९०० मेगापास्कल घेतले, की

```
a = √(2.0e5 × 9.39e10 / (0.769e5 × 2.17e5)) ≈ 1061 mm
```

तुळई २००० मिमी आहे, म्हणजे लांबी a च्या १.८८ पट भरते. ही अगदी मधली अवस्था आहे, दोघांपैकी कोणालाच वगळता येत नाही.

दुसरी पायरी: टॉर्क आणि टोकांच्या अटी

टॉर्क १० किलोन्यूटन गुणिले ०.१५ मीटर, म्हणजे १.५ किलोन्यूटन-मीटर. भिंतीपाशी कोनही शून्य आणि पिळाचा दरही शून्य; मोकळ्या टोकाला फ्लॅंजमध्ये मोमेंट शून्य. या अटी घालून समीकरण सोडवले की भिंतीपाशी बायमोमेंट असा मिळतो:

```
B = T·a·tanh(L/a)
Mf = B/h = (T/h)·a·tanh(L/a)
```

दुसऱ्या ओळीकडे नीट पाहावे. T/h म्हणजे प्रत्येक फ्लॅंजवर टोकाला येणारे आडवे बल, येथे ५.२२ किलोन्यूटन. साधा पीळ अस्तित्वातच नसता, तर फ्लॅंज हा दोन मीटरचा आडवा कॅन्टिलिव्हर झाला असता आणि भिंतीपाशी त्याचा मोमेंट ५.२२ गुणिले २, म्हणजे १०.४ किलोन्यूटन-मीटर आला असता. साध्या पिळाची मदत धरली, की दोन मीटरच्या जागी a गुणिले tanh(L/a) ही लांबी येते. tanh(१.८८) सुमारे ०.९५५ आहे, म्हणून ही लांबी १.०१ मीटर. मोमेंट ५.२९ किलोन्यूटन-मीटर, म्हणजे जवळपास निम्मा. केवळ फ्लॅंजचा कॅन्टिलिव्हर धरून केलेला हिशेब सुरक्षित बाजूला चुकतो, आणि प्राथमिक अंदाजासाठी तो चालून जातो. लांब तुळयांत मात्र तो इतका जड होतो की त्याचा उपयोग राहत नाही.

तिसरी पायरी: प्रतिबल

एका फ्लॅंजचे आडवे जडत्व Iy च्या निम्मे, म्हणजे २.२७ गुणिले १०⁶ मिमी⁴. कड मध्यापासून ७० मिमीवर आहे.

```
σw = 5.29e6 × 70 / 2.27e6 ≈ 163 MPa
```

हेच ते सुरुवातीला सांगितलेले १६३. कोपऱ्याचे ०.९ मिमी सरकणे अडवण्याची ही किंमत आहे.

आता चिन्हांकडे लक्ष द्यावे, कारण चारही कोपरे सारखे नसतात. भिंतीकडून मोकळ्या टोकाकडे पाहिले असता भार उजवीकडे आहे, म्हणून तुळई घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते आणि वरचा फ्लॅंज उजवीकडे वाकतो. भिंतीपाशी त्याची डावी कड ताणली जाते. उभ्या वाकण्यामुळेही वरचा फ्लॅंज ताणातच आहे, म्हणून वरच्या डाव्या कोपऱ्यात ३५ अधिक १६३, म्हणजे १९८ मेगापास्कल ताण येतो. खालचा फ्लॅंज डावीकडे वाकतो, त्याची डावी कड दाबली जाते, आणि तेथे १९८ दाब येतो. उजवीकडच्या दोन कोपऱ्यांत दोन परिणाम एकमेकांविरुद्ध असतात आणि १२८ शिल्लक राहते. म्हणजे सर्वाधिक त्रास भाराच्या बाजूला होत नाही, त्याच्या विरुद्ध बाजूला होतो. मजबुतीसाठी भाराच्या बाजूला पट्टी वेल्ड करण्याचा मोह होतो. पण नुसती एका बाजूला पट्टी लावून हा प्रश्न सुटत नाही.

भाराला १.५ चा गुणक लावला, तर १९८ चे २९७ होतात आणि २५० भागिले १.१, म्हणजे २२७ ची मर्यादा ओलांडली जाते. उभ्या वाकण्याचा हिशेब हीच तुळई ५३ वर आहे असे सांगत होता.

शिअर किती, हेही पाहून टाकू. भिंतीपाशी सगळा टॉर्क फ्लॅंजच्या आडव्या शिअरने पेलला जातो आणि त्याचे प्रतिबल ५ मेगापास्कलही होत नाही. मध्यावर टॉर्कचे ५६ टक्के साध्या पिळाकडे आणि ४४ टक्के फ्लॅंजकडे असतात. मोकळ्या टोकाला साध्या पिळाचा वाटा ७० टक्क्यांवर जातो आणि फ्लॅंजच्या पृष्ठावर सुमारे ६० मेगापास्कल शिअर येतो. मोकळ्या टोकाला फ्लॅंजमधील मोमेंट शून्य असला, तरी शिअर शून्य नसतो, ही गोष्ट पहिल्यांदा पाहणाऱ्याला खटकते; पण कोणत्याही कॅन्टिलिव्हरच्या भार लावलेल्या टोकाला हेच घडते.

चौथी पायरी: किती फिरते

```
φ(L) = (T/GJ)·[L − a·tanh(L/a)]
```

उत्तर ०.०८९ रेडियन, म्हणजे ५.१ अंश. टोक धरलेले नसते आणि केवळ फिरण्यापासून अडवलेले असते, तर १०.३ अंश आले असते. धरल्याने फिरणे निम्म्यावर आले, पण १६३ मेगापास्कल पदरात पडले. पाच अंश हेही कमी नाहीत. टोकाला प्रत्येक फ्लॅंज १३ मिमी बाजूला गेलेला असतो आणि लटकवलेल्या पाइपला किंवा होइस्टला ते चालेलच असे नाही. मी अशा ठिकाणी आधी भार वेबकडे सरकवता येतो का ते पाहतो. हेच अंतर १५० ऐवजी ५० मिमी झाले, तर वार्पिंगचे प्रतिबल ५४, एकूण ८९, गुणकासह १३४ मेगापास्कल आणि फिरणे १.७ अंश होते, आणि प्रश्न मिटतो.

ते शक्य नसेल, तर दोन्ही बाजूंना फ्लॅंजच्या कडांमध्ये ६ मिमीच्या पट्ट्या पूर्ण लांबीभर वेल्ड करून सेक्शन बंद पेटीसारखा करावा. J मूळच्या दोनशे पटींहून अधिक होतो, जवळपास सगळा टॉर्क साध्या पिळाने पेलला जातो, आणि फ्लॅंजचे वाकणे किरकोळ उरते. मोठा सेक्शन घेण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडते. मात्र वेल्ड तुटक नको; सांध्यातून पिळाचा शिअर सलग वाहिला पाहिजे.

टोक खरोखर धरलेले आहे का

वरचा हिशेब टोक पूर्ण धरलेले आहे असे मानतो. प्रत्यक्षात ‘फिक्स्ड’ असे ड्रॉइंगवर लिहिलेले प्रत्येक टोक वार्पिंगसाठी फिक्स्ड नसते. वेबला दोन अँगल क्लीट लावलेला जोड तुळईला फिरू देत नाही, पण फ्लॅंज मोकळेच असतात. वार्पिंगच्या दृष्टीने तो मोकळा जोड आहे. आता दुसरा गैरसमज: टोकाला एंड प्लेट वेल्ड केली की काम झाले. दोन फ्लॅंज विरुद्ध दिशांना तिरके होऊ पाहतात, म्हणजे ते एंड प्लेटला पिळू पाहतात, आणि पातळ प्लेट पिळायला फारच सोपी असते. तिचा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो:

```
k = G·b·h·t³/3
C = k / (k + (E·Iw/a)·tanh(L/a))
```

C म्हणजे पूर्ण धरलेल्या स्थितीच्या तुलनेत मिळणारा वाटा. प्लेटला मागे दुसरा कसलाच आधार नाही असे धरून आपल्या तुळईसाठी हिशेब केला, तर १२ मिमीच्या प्लेटने जेमतेम १० टक्के, २० मिमीच्या प्लेटने एक तृतीयांश आणि ४० मिमीच्या प्लेटने ८० टक्के मिळतात. १२ मिमीची प्लेट लावून टोक धरलेले मानणारा माणूस फिरण्याचा अंदाज निम्मा करून बसतो. खरोखर धरायचे असेल, तर टोकापासून साधारण तुळईच्या उंचीइतक्या अंतरात दोन्ही बाजूंना फ्लॅंजच्या कडांमध्ये प्लेटी वेल्ड करून तेवढाच भाग पेटीसारखा करतात. बंद पेटी पिळाला दाद देत नाही, त्यामुळे फ्लॅंज विरुद्ध दिशांना तिरके होऊ शकत नाहीत.

प्लेट भिंतीला किंवा स्तंभाला बोल्टने घट्ट बसवलेली असेल, तर मागच्या वस्तूचा ताठपणाही मदतीला येतो. पण मग वेल्ड आणि बोल्ट यांनी प्रत्येक फ्लॅंजमधील ५.२९ किलोन्यूटन-मीटरचा आडवा मोमेंट पेलला पाहिजे, आणि जोडाच्या हिशेबात तो अनेकदा धरलेलाच नसतो. शंका असेल तेव्हा मी दोन हिशेब करतो: फिरण्यासाठी टोक मोकळे धरून आणि प्रतिबलासाठी टोक पूर्ण धरून. खरे उत्तर या दोघांच्या मध्ये कोठेतरी असते.

टोके मोकळी असूनही फ्लॅंज वाकतात ती स्थिती

चार मीटरची तीच तुळई दोन्ही टोकांना क्लीटवर टेकलेली आहे आणि मध्यावर २० किलोन्यूटन भार १५० मिमी बाजूला आहे. टोके वार्पिंगला पूर्ण मोकळी आहेत, म्हणून येथे फ्लॅंजच्या वाकण्याचा प्रश्नच नाही, असे वाटेल. पण मध्यावर सममितीमुळे फ्लॅंज डावीकडेही तिरका होऊ शकत नाही आणि उजवीकडेही नाही. तेथे तो मूळ रेषेला समांतरच राहतो. म्हणजे मध्याचा काटछेद सममितीनेच धरलेला आहे. अर्धी तुळई घेतली, तर ती दोन मीटरची, १.५ किलोन्यूटन-मीटर टॉर्क असलेली, म्हणजे आपलीच कॅन्टिलिव्हर आहे. मध्यावर उभा मोमेंटही २० च येतो. त्यामुळे ३५, १६३ आणि ५.१ अंश हे आकडे जसेच्या तसे लागू पडतात.

एक फरक मात्र आहे. कॅन्टिलिव्हरमध्ये सर्वांत मोठा मोमेंट भिंतीपाशी असतो आणि तेथे फिरणे शून्य असते. या तुळईत सर्वांत मोठा मोमेंट आणि सर्वांत मोठे फिरणे मध्यावर एकत्र येतात. ०.०८९ रेडियन फिरलेल्या सेक्शनला २० किलोन्यूटन-मीटरपैकी १.७८ कमजोर अक्षाभोवती सोसावे लागतात आणि एका कोपऱ्यात आणखी २७ मेगापास्कलची भर पडते.

या तुळईची टोकेही पेटी करून धरली, तर काय होते? मध्यावरचे वार्पिंगचे प्रतिबल १६३ वरून १२६ वर येते आणि फिरणे ५.१ वरून २.२५ अंशांवर. पण तेवढेच १२६ आता टोकांशीही निर्माण होतात, जेथे आधी काहीच नव्हते. म्हणजे टोक धरण्याने फायदा होतो की तोटा, हे टॉर्क कोठे लावला आहे यावर ठरते.

चूक कशी ओळखावी आणि हिशेब कोठे थांबतो

फ्रेमचे विश्लेषण करणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये बार घटकाच्या प्रत्येक टोकाला सहाच स्वातंत्र्ये असतात. सातवे, म्हणजे वार्पिंगचे, नसते. असा घटक केवळ GJ ओळखतो. तपासणी सोपी आहे: वरची कॅन्टिलिव्हर प्रोग्रॅममध्ये घालावी. फिरण्याचे उत्तर १०.३ अंश आले आणि फ्लॅंजच्या कडेला ३५ मेगापास्कलच दिसले, तर प्रोग्रॅमला वार्पिंग माहीत नाही. त्याने फिरणे दुप्पट दाखवले आहे आणि प्रतिबल पाचपटींहून कमी. फिरण्याचा आकडा मोठा आल्यामुळे तो सुरक्षित बाजूला आहे असे मानून अनेकजण पुढे जातात आणि प्रतिबलाचा विचार करत नाहीत. अशा वेळी बायमोमेंट हाताने काढून प्रतिबलात मिळवावा, किंवा तेवढी तुळई शेल घटकांनी पुन्हा मांडावी.

प्रत्यक्ष तुळईवर मोजायचे असेल, तर धरलेल्या टोकाजवळ, वेल्डपासून थोडे दूर, चारही फ्लॅंज-कडांवर लांबीच्या दिशेने एकेक स्ट्रेन गेज लावावा. चारांची सरासरी म्हणजे अक्षीय बल. वरच्या दोघांची बेरीज वजा खालच्या दोघांची बेरीज म्हणजे उभे वाकणे. डावीकडचे वजा उजवीकडचे म्हणजे आडवे वाकणे. आणि एका कर्णावरच्या दोघांची बेरीज वजा दुसऱ्या कर्णावरच्या दोघांची बेरीज म्हणजे बायमोमेंट. शेवटची वजाबाकी मोठी आली, तर पीळ टोकाशी अडवला जात आहे हे नक्की. गेज नसतील, तर वेल्डचे तडे कोठून सुरू झाले ते पाहावे. फ्लॅंजच्या मध्यापेक्षा एका कडेला, आणि वर व खाली एकाच बाजूला ते आढळले, तर संशयाला जागा आहे.

हा सगळा हिशेब काटछेदाचा आकार टिकून राहतो असे मानतो. ब्रॅकेट केवळ वरच्या फ्लॅंजला लावलेले असेल आणि वेब पातळ असेल, तर वेबच वाकतो, वरचा फ्लॅंज एकटाच फिरतो आणि खालच्यापर्यंत टॉर्क नीट पोहोचत नाही. म्हणून भाराच्या ठिकाणी वेबच्या दोन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत पूर्ण उंचीचे स्टिफनर द्यावेत. तसेच हा हिशेब लवचिक मर्यादेतला आहे. कडेचा एक कोपरा यील्डला पोहोचला म्हणून तुळई लगेच कोसळत नाही, कारण फ्लॅंजच्या आतल्या भागात अजून क्षमता शिल्लक असते. पण भार पुन्हापुन्हा येत-जात असेल, जसा क्रेनच्या तुळईवर येतो, तर या शिलकीचा आधार घेऊ नये. कडेच्या वेल्डमध्ये फटीग सुरू होण्यास तेच १६३ पुरेसे ठरू शकतात.